गाणं मोठं, मुलं गायब: स्नेहसंमेलनात समोरचे स्पीकर आणि मॉनिटर यांचा मेळ

रंगीत तालमीच्या दुपारी मला त्या शाळेत बोलावलं, तेव्हा तक्रारी दोन होत्या आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. नाच बसवणाऱ्या बाई विंगेतून सांगत होत्या, "दादा, मुलांना गाणंच ऐकू येत नाहीये, मागच्या रांगेतली सगळी ठोका चुकवतायत, जरा वाढवा." सभागृहात बसलेले संगीताचे सर म्हणत होते, "गाणं एवढं मोठं आहे की समूहगीतातली मुलं ऐकूच येत नाहीत, ते आधी कमी करा." मिक्सरवर बसलेला मुलगा दोघांचंही ऐकत होता. बाईंसाठी त्याने मॉनिटर, म्हणजे स्टेजवरच्या मुलांसाठी लावलेले स्पीकर, वाढवले, मग सरांसाठी माईक वाढवले, मग माईकने स्पीकरचाच आवाज परत पकडून शिट्टी वाजली म्हणून सगळंच खाली आणलं. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून तेच.

मांडणी अशी होती. स्टेज 9 मीटर रुंद आणि 6 मीटर खोल. स्टेजच्या कडेपासून सभागृहाची मागची भिंत साधारण 20 मीटरवर, आणि ती नुसती प्लास्टरची. प्रेक्षकांसाठी दोन 12 इंची टॉप, म्हणजे समोरचे मुख्य स्पीकर, स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत स्टँडवर, बरोबर कडेच्या रेषेत. खर्जासाठी एक सब. मुलांसाठी चार मॉनिटर, चारही स्टेजच्या पुढच्या कडेला जमिनीवर तिरपे ठेवलेले, तोंड मुलांकडे. मुलांच्या मागे स्टेजभर ताणून बसवलेला फ्लेक्सचा बॅकड्रॉप. समूहगीतासाठी चार माईक उभ्या स्टँडवर, पहिल्या रांगेपासून हातभर नव्हे, चांगले 1.2 मीटर दूर, कारण मुलांच्या हालचाली फोटोत नीट दिसायला हव्या होत्या.

मिक्सरला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासायची असते आणि तालमीच्या गडबडीत ती हमखास राहून जाते. समोरचे स्पीकर पूर्ण बंद करायचे, फक्त मॉनिटर चालू ठेवायचे आणि सभागृहात फिरून यायचं. आम्ही एका गाण्याचा तोच तोच वीसेक सेकंदांचा तुकडा वाजवला आणि पाचव्या रांगेत, एकाच खुर्चीवर, एकाच फोनवरच्या मीटरने आकडे घेतले. फोनचा मीटर खरा आकडा दाखवेलच असं नाही. पण दोन आकड्यांमधला फरक तो बऱ्यापैकी सांगतो आणि इथे आपल्याला फरकच हवा असतो. नुसते मॉनिटर 78 डेसिबल. नुसते समोरचे स्पीकर 81. दोन्ही मिळून 83 च्या आत-बाहेर.

सगळ्या प्रकरणाचं मूळ या तीन आकड्यांत आहे. प्रेक्षकांना ऐकू येणाऱ्या गाण्यातला मोठा वाटा प्रेक्षकांसाठी लावलेल्या स्पीकरमधून येतच नव्हता. तो मुलांकडे तोंड करून ठेवलेल्या मॉनिटरमधून निघून, मागच्या फ्लेक्सवर आपटून, सभागृहात येत होता. म्हणून मिक्सरवाल्याने समोरच्या स्पीकरचा मुख्य फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, खाली आणला तरी सरांना फरक पडल्यासारखं वाटेना. समोरचं गाणं पूर्ण शून्यावर नेलं असतं तरी पाचव्या रांगेत 78 डेसिबल उरलेच असते. शिवाय ते गाणं उलट्या बाजूने येणारं, खर्ज फुगलेलं आणि वरचा स्पष्टपणा हरवलेलं. स्पीकरच्या पेटीच्या मागून आणि बाजूने खालचे सूर सगळीकडे पसरतात, वरचे सूर मात्र पेटीच्या तोंडासमोरच राहतात. प्रेक्षकांच्या वाट्याला मॉनिटरची पाठ येते, म्हणजे फक्त घूं-घूं.

मी अशा ठिकाणी एकच लक्ष्य धरतो: प्रेक्षकांच्या पुढच्या रांगांत मॉनिटरचा आवाज समोरच्या स्पीकरपेक्षा निदान 10 डेसिबल खाली असला पाहिजे. 10 चा फरक पडला की मॉनिटरमुळे एकूण पातळीत अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी भर पडते आणि सभागृहाचा ताबा पुन्हा मिक्सरच्या हातात येतो. इथे फरक होता 3 चा. मॉनिटर 7 डेसिबलने कमी करायचे म्हटलं तर नाचाच्या बाई ऐकणार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं चूकही नव्हतं. मॉनिटर पाचव्या रांगेपर्यंत पोहोचत होते, पण मागच्या मुलांपर्यंत पोहोचत नव्हते.

नाचणाऱ्यांना ठोका का सापडेना

स्टेजच्या मागच्या रांगेत, मुलांच्या उंचीला वाकून उभं राहिलं की कारण कळतं. जमिनीवरचा मॉनिटर पुढच्या रांगेतल्या मुलांच्या पायांवर आणि घेरदार पोशाखांवर आदळतो. वरचे सूर, म्हणजे ज्यात टाळी, टिपरी आणि शब्दांची धार असते ते, तिथेच अडतात. मागच्या मुलापर्यंत येतो तो गढूळ आवाज. त्याच वेळी सभागृहाकडून दुसरा एक स्वच्छ आवाज येतो. समोरच्या टॉपमधून निघालेलं गाणं 20 मीटरवरच्या भिंतीवर आपटतं आणि परत फिरतं. जाऊन-येऊन स्टेजच्या मध्यापर्यंत 43 मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, म्हणजे हा परतीचा आवाज 125 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्यांच्या गाण्याची लय मिनिटाला 120 ठोक्यांची होती, एक ठोका 500 मिलिसेकंदांचा. मागची मुलं बरोबर पाव ठोका मागे होती. त्यांना जो ठोका नीट ऐकू येत होता, त्यावर ती अगदी इमानाने नाचत होती.

तेव्हा मुलांना मोठा आवाज नको होता. त्यांना भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाच्या आधी पोहोचणारा आणि त्याच्यापेक्षा ठळक आवाज हवा होता. मॉनिटर बंद करून आणि फक्त समोरचे स्पीकर चालू ठेवून स्टेजच्या मध्यावर मोजलं तर 73 डेसिबल भरले. यात टॉपच्या पाठीमागून येणारा खर्जही धरलेला आहे. म्हणजे मुलांच्या कानाशी थेट येणारा, स्वच्छ 82-83 मिळाला की भिंतीचा आवाज आपोआप दबेल. त्याआधी पुढच्या रांगेत किती मिळत होते? मॉनिटरसमोर 92. पुढच्या मुलांच्या कानठळ्या बसत होत्या आणि मागची उपाशी होती.

चारपैकी दोन मॉनिटर आम्ही उचलले आणि विंगांमध्ये स्टँडवर चढवले, एकमेकांकडे तोंड करून, स्टेज आडवं कापेल असे. उंची मुलांच्या डोक्याच्या किंचित वर. यालाच साइड फिल म्हणतात. या मांडणीत प्रत्येक रांगेतल्या मुलाला स्पीकर थेट दिसतो. पुढच्याच्या पाठीआड तो लपत नाही. पेटीचं तोंड फ्लेक्सकडेही नाही आणि प्रेक्षकांकडेही नाही.

पण ते नेमके कुठे ठेवायचे, यावर बरंच अवलंबून असतं. पहिल्यांदा पोरांनी स्टँड स्टेजच्या अगदी कडेला, विंगेच्या तोंडाशी उभे केले. तिथे कडेचं मूल स्पीकरपासून अर्ध्या मीटरवर येतं आणि मधलं मूल साडेचार मीटरवर. अंतर नऊपट, म्हणजे फरक 19 डेसिबलचा. मध्यावर दोन्ही बाजूंचे आवाज मिळून 3 ची भर पडते, तरी 16 उरतात. कडेच्या मुलाला छळल्याशिवाय मधल्याला ऐकू जाणार नाही. मग स्टँड विंगेत 2 मीटर आत सरकवले. आता कडेचं मूल अडीच मीटरवर, मधलं साडेसहा मीटरवर. फरक 8 चा, त्यातून मध्यावर मिळणारे 3 वजा केले की जेमतेम 5. फेडर तसूभर न हलवता 16 चे 5 झाले. हे गणित मोकळ्या जागेचं आहे. बंद स्टेजवर भिंतींमुळे फरक आणखी थोडा कमीच भरतो. विंगेत दोन मीटर जागा मिळवण्यासाठी पोशाखांच्या पेट्या आणि नाटकातलं झाड हलवावं लागलं. त्यावरून थोडी कुरबुर झाली, पण ही जागा सोडून चालणार नव्हतं.

या साइड फिलचा खर्ज 150 हर्ट्झच्या खाली कापून टाकला. सबचा आणि टॉपचा खर्ज तसाही स्टेजवर भरपूर येतो आणि मॉनिटरने त्यात भर घातली की सभागृहात घुमण्यापलीकडे काही मिळत नाही. कापल्यावर नाचाच्या बाई लगेच म्हणाल्या, "आता बारीक वाटतंय." एकट्याने ऐकलं तर ते बारीकच वाटतं. समोरचे स्पीकर चालू करून पुन्हा ऐकवलं तेव्हा ती तक्रार राहिली नाही. मॉनिटरचा सूर कधीही एकट्याने ठरवू नये, समोरचे स्पीकर चालू ठेवूनच ठरवावा.

नवे आकडे: स्टेजच्या मध्यावर साइड फिलचे 83, पाचव्या रांगेत नुसत्या साइड फिलचे 69, नुसत्या समोरच्या स्पीकरचे 82. तेराचा फरक. नाचाच्या वेळी सगळे माईक बंद असतात, त्यामुळे शिट्टीची भीती नाही. नाचासाठी मॉनिटरला मर्यादा एकच, ती प्रेक्षकांत सांडणाऱ्या आवाजाची.

समूहगीत

समूहगीताचा प्रश्न जास्त अवघड होता, कारण इथे ट्रॅकही, म्हणजे रेकॉर्ड केलेलं गाणंही, वाजतो आणि माईकही उघडे असतात. माईकला मुलं आणि मॉनिटर यातला भेद कळत नाही. मॉनिटरमधला ट्रॅक माईकमध्ये शिरला की मुलांचा फेडर वाढवताना ट्रॅकही वाढतो. सरांना तेच ऐकू येत होतं: मुलांना वर काढायला जावं तर गाणंच आणखी फुगतं.

हे किती वाईट आहे ते चॅनेलच्या मीटरवर दिसतं. मुलांना जागेवर उभं करून गप्प राहायला सांगितलं, ट्रॅक नेहमीच्या पातळीवर सोडला आणि समूहगीताच्या एका माईकचा मीटर पाहिला. मग मुलांना गायला लावून पुन्हा पाहिला. दोहोंत फरक 5 डेसिबलचा. याचा अर्थ त्या "मुलांच्या" माईकमध्ये मुलं जेमतेम वर आणि गाणं त्यांच्या खांद्याला खांदा लावून. हेडफोनमध्ये तो एकच चॅनेल ऐकला की आकड्याचीही गरज पडत नाही.

सुरुवात माईकपासून केली. चारऐवजी दोन. उघडे माईक निम्मे केले की शिट्टीच्या आधी मिळणारी जागा 3 डेसिबलने वाढते. मग ते दोन माईक बूम स्टँडवर घेऊन पहिल्या रांगेपासून 60 सेंटिमीटरवर, डोक्यांच्या थोडं वर, तोंड मधल्या रांगेकडे केले. अंतर 1.2 मीटरवरून निम्म्यावर आलं की मुलांचा आवाज माईकमध्ये 6 डेसिबलने वाढतो. मागच्या रांगेला इतका फायदा होत नाही, म्हणून माईकची उंची आणि तिरकेपणा सांभाळावा लागतो. एकूण 9 डेसिबल नुसती माईकची संख्या आणि जागा बदलून मिळाले. फोटोचा प्रश्न मुख्याध्यापिकाबाईंनी सोडवला: माईक नाकासमोर नव्हते, त्यामुळे चेहरे आधीपेक्षा मोकळेच दिसत होते.

समोरचे टॉप दीड मीटर पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला नेले. स्टेजच्या रेषेत असताना त्यांच्या बाजूचा आवाज थेट माईकच्या रेषेत येत होता. पुढे नेल्यावर सगळे माईक टॉपच्या पाठीमागे गेले. वायरी कमी पडल्या, एक जोडावी लागली, इतकंच.

राहिले मॉनिटर. जमिनीवर उरलेले दोन आम्ही पहिल्या रांगेपासून दीड मीटरवर, माईकच्या बरोबर मागच्या बाजूला येतील असे ठेवले. कार्डिऑइड माईक ठीक पाठीमागचा आवाज सगळ्यात कमी घेतो, म्हणून मॉनिटरची जागा तीच. सुपरकार्डिऑइड माईक असते तर ही जागा चुकली असती. त्यांचे बहिरे कोन ठीक मागे नसून मागच्या दोन्ही बाजूंना, अक्षापासून सुमारे 125 अंशांवर असतात, आणि तिथे एकाच्या मागे एक मॉनिटर न ठेवता दोन्ही बाजूंना तिरपे ठेवावे लागतात. माईकच्या पेटीवर तो पॅटर्न छापलेला असतो, तो बघून घ्यावा.

संगीताच्या सरांशी माझं खरं मतभेदाचं बोलणं झालं ते मॉनिटरमध्ये काय पाठवायचं यावर. त्यांना मुलांचा आवाज मुलांना परत ऐकवायचा होता, एकट्या गायकाला देतात तसा. मी नको म्हणालो. खांद्याला खांदा लावून उभी असलेली मुलं एकमेकांना ऐकतातच. त्यांचा आवाज मॉनिटरमध्ये गेला की तो फ्लेक्सवर आपटून पुन्हा माईकच्या तोंडात शिरतो आणि शिट्टीचं चक्र तयार होतं. आम्ही दोन्ही प्रकारे गाऊन घेतलं. मुलांचा सूर दोन्ही वेळा सारखाच लागला, पण मॉनिटरमध्ये आवाज असताना माईक 5 डेसिबल आधीच कूं करू लागले. त्यावर सर तयार झाले. मॉनिटरमध्ये फक्त ट्रॅक, तोही मुलांच्या कानाशी 74 डेसिबल, खर्ज कापलेला. सूर आणि ताल धरायला तेवढा पुरतो. साइड फिल समूहगीताच्या वेळी बंद.

पुन्हा तीच गप्प आणि गाती मुलांची चाचणी केली. फरक 5 वरून 14 वर गेला होता. आता मुलांचा फेडर हलवला की मुलंच हलत होती.

मिक्सरवरचं एक बटण

एवढं सगळं होऊनही दुसऱ्या गाण्याला मॉनिटर अचानक मोठे झाले. मिक्सरवाल्या मुलाने सभागृहासाठी ट्रॅकचा फेडर वाढवला होता आणि मॉनिटरही सोबत वाढले. मॉनिटरचा ऑक्स, म्हणजे मिक्सरवरून मॉनिटरकडे सिग्नल पाठवणारी वेगळी वाट, पोस्ट-फेडर होता, म्हणजे त्याला जाणारा सिग्नल फेडरच्या नंतरून उचलला जात होता. सभागृहासाठी केलेला प्रत्येक बदल स्टेजवर जात होता. तो प्री-फेडर केला, म्हणजे सिग्नल फेडरच्या आधीच उचलला जाईल असा. काही छोट्या मिक्सरवर हे बटण नसतं आणि एखादा ऑक्स कायम पोस्टच असतो, इफेक्टसाठी ठेवलेला. मॉनिटरची वायर त्यातच खोचलेली असेल तर ती दुसऱ्या ऑक्समध्ये टाकावी.

प्री-फेडर केल्यावर कामाची शिस्त बदलते. शाळांमध्ये प्रत्येक वर्गाचं गाणं वेगवेगळ्या फोनवरून आणि पेन ड्राइव्हवरून येतं, एक दबकं, दुसरं कर्कश. हा फरक गेनवर, म्हणजे मिक्सरमध्ये येणाऱ्या सिग्नलची पातळी ठरवणाऱ्या बटणावर, निस्तरायचा, कारण गेन फेडरच्याही आधी आणि ऑक्सच्याही आधी असतो. गाणं दबकं असेल तर ते सभागृहातही आणि स्टेजवरही दबकं आहे, दोन्हीकडे एकत्रच वाढायला हवं. प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे सभागृहात वाढवायचं असेल तर मात्र फेडर, म्हणजे स्टेज जागचं हलत नाही. आम्ही तालमीतच सगळी गाणी एकामागून एक वाजवून गेनचे आकडे कार्यक्रमपत्रिकेवर प्रत्येक गाण्यापुढे लिहून ठेवले. माईकच्या गेनना मात्र तालमीनंतर हात लावायचा नाही असं ठरलं, कारण तो बदल थेट शिट्टीच्या जागेवर होतो.

या मांडणीचा एक तोटाही आहे. गाणं मध्येच उतरवायचं झालं आणि फेडर खाली ओढला तर सभागृह शांत होतं आणि स्टेजवर गाणं चालूच राहतं. म्हणून गाण्यांचे शेवट फाइलमध्येच कापून घेतले आणि अडीअडचणीला म्यूटचं बटण वापरायचं ठरलं.

सूत्रसंचालन करणाऱ्या दोन मुलांचे माईक कुठल्याच मॉनिटरमध्ये दिले नाहीत. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज परत ऐकायची गरज नसते. त्यातला एक मुलगा माईकची जाळी मुठीत धरून बोलायचा. तसं धरलं की माईकचा पाठीमागचा बहिरा कोन नाहीसा होतो, तो चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि चांगला बसलेला आवाजही कूं करतो. दांड्याच्या मधोमध धर, हनुवटीपासून चार बोटं लांब ठेव, असं त्याला दोनदा करून दाखवलं.

भरलेल्या सभागृहात

संध्याकाळी खुर्च्या भरल्या आणि अपेक्षेप्रमाणे दोन गोष्टी झाल्या. माणसांनी वरचे सूर शोषले, त्यामुळे मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तालमीपेक्षा बोथट झाला. आणि पालकांच्या बोलण्याचा, टाळ्यांचा गोंगाट वाढला. पहिल्याला काही करावं लागत नाही, मॉनिटरचं काम उलट सोपं होतं. दुसऱ्यासाठी नाचांच्या वेळी समोरचे स्पीकर 4 डेसिबलने वाढवले, साइड फिल जिथल्या तिथे ठेवले. नाचाच्या बाई विंगेतून दोनदा हात वर करून वाढवण्याची खूण करत होत्या. मी मुलांच्या पायांकडे पाहत होतो. मागची रांग ठोक्यावर होती, म्हणून मॉनिटर वाढवले नाहीत.

समूहगीतात पहिलीची मुलं पालक समोर दिसताच निम्म्या आवाजात गाऊ लागली. फेडर 3 डेसिबल वर नेल्यावर 300 हर्ट्झच्या आसपास एक घूं सुरू झाली. ती शिट्टीच्या आधीची खूण असते: प्रत्येक शब्दानंतर शेपटी उरल्यासारखी वाटते. मुलांचा फेडर दीड डेसिबल परत घेतला आणि सभागृहातला ट्रॅक 3 डेसिबलने उतरवला. ट्रॅकचा ऑक्स आता प्री-फेडर असल्यामुळे मुलांच्या कानाशी गाणं तेवढंच राहिलं, ती सुरावरून ढळली नाहीत, आणि प्रेक्षकांसाठी मुलं ट्रॅकच्या वर आली.

नाटुकल्यात मात्र हे जमलं नाही. स्टेजच्या कडेला जमिनीवर ठेवलेल्या दोन चपट्या बाउंड्री माईकना मागच्या बाजूला पाठमोरं बोललेलं वाक्य मिळत नाही, आणि गेन वाढवला की पायांचे आवाज आधी येतात. मॉनिटर पूर्ण बंद ठेवून जेवढं मिळालं तेवढंच मिळालं. पुढच्या वेळी दोन मुख्य पात्रांना कॉलर माईक लावायचे आणि बाकीच्यांना प्रेक्षकांकडे तोंड करून बोलायला बसवायचं, असं बाईंनी वहीत लिहून घेतलं.